पोटाचं डायलिसिस की मशीनचं: बाबांच्या वेळी आम्ही कसं ठरवलं

बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आम्हाला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. डायबिटीस वीसेक वर्षांचा, मधे एक हार्ट अटॅक येऊन गेलेला, क्रिएटिनिन दर रिपोर्टला थोडं थोडं वर. डॉक्टर लक्ष ठेवून होते पण त्रास नसताना उगाच लवकर सुरू करायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते योग्यच होतं, कारण २०१० मधे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला एक मोठा अभ्यास आला होता त्यात लवकर सुरू केलेले आणि लक्षणं दिसेपर्यंत थांबलेले यांच्या आयुष्यात फरक दिसला नव्हता. मग छातीचं एक इन्फेक्शन झालं, आणि तिथून सगळं भराभर बिघडलं. अंगाला सूज, रात्री आडवं झालं की दम, फुप्फुसात पाणी, पोटॅशियम वाढलेलं. मानेतून तात्पुरता कॅथेटर टाकला आणि त्याच रात्री हिमोडायलिसिस.

त्यामुळे आम्ही आधी मशीनचं डायलिसिस जवळून बघितलं, अनेक आठवडे, आणि मग पोटाच्या डायलिसिसवर गेलो. दोन्ही एकाच माणसावर बघितल्यामुळे लिहावंसं वाटलं, कारण नवीन घरांना पहिला प्रश्न हाच पडतो की यातलं चांगलं कुठलं. आमच्या अनुभवाने हा प्रश्न असा विचारून उत्तर मिळत नाही. कोणासाठी, कोणत्या शरीरासाठी आणि घरात कोण आहे, हे आधी बघावं लागतं.

हिमोमधे रक्त एका नळीने बाहेर येतं, डायलायझर नावाच्या नळकांड्यातून जातं आणि दुसऱ्या नळीने परत अंगात. त्या नळकांड्यात हजारो बारीक पोकळ धागे असतात, धाग्यांच्या आतून रक्त, बाहेरून स्वच्छ द्रव. युरिया, पोटॅशियम वगैरे रक्तातून त्या द्रवात उतरतं आणि मशीन दाब देऊन जास्तीचं पाणी खेचून घेतं. एका वेळी शरीराबाहेर रक्त जेमतेम पाव लिटर असतं, पण मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली या वेगाने चार तासांत साठ-सत्तर लिटर रक्त गाळून निघतं, म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा. आठवड्यातून तीन वेळा चार चार तास. काम चोख होतं यात शंका नाही, बाबांचा दम पहिल्या दोन-तीन डायलिसिसमधेच गेला, आणि आम्ही सगळे त्या मशीनचे ऋणी आहोत.

अडचण आली पाणी काढताना. हे नीट सांगते कारण आमचा सगळा निर्णय इथूनच फिरला. प्रत्येक पेशंटचं एक ड्राय वेट ठरवतात, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना जे वजन असायला हवं ते. बाबांचं ५८ किलो ठरलं होतं. शनिवार-रविवारची मोठी गॅप पडली की सोमवारी ते ६१ किलोवर यायचे. तीन किलो वाढ म्हणजे तीन लिटर पाणी, ते चार तासांत काढायचं म्हणजे तासाला साडेसातशे मिली. भागिले ५८ केलं की किलोमागे तासाला जवळपास १३ मिली येतात, आणि साधारण तेराच्या वर जाऊ नये असं धरतात कारण त्याहून वेगाने ओढलं तर हृदयावर ताण येतो. रक्तातून पाणी मशीन लगेच काढतं पण पायात, पोटात साठलेलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो, तेवढ्यात रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात आणि बीपी पडतं. धडधाकट हृदय ते सांभाळून घेतं. बाबांचं अटॅकनंतर कमजोर झालेलं, पंपिंग पस्तीस टक्के.

तिसऱ्या तासाला हमखास व्हायचं. आधी जांभया यायच्या, मग बाबा गप्प व्हायचे, कपाळावर घाम, पोटरीत गोळा. टेक्निशियन दादा लांबूनच ओळखायचा, "काका, बरं वाटत नाहीये ना?" असं म्हणत येऊन पायाकडची बाजू वर करायचा, पाणी काढणं बंद, सलाइन आत. बीपी १४० वरून ८५ वर आलेलं असायचं. सलाइन दिलं म्हणजे काढलेलं थोडं पाणी परत आत गेलं, आणि वेळ संपली की अर्धा-पाऊण लिटर अंगातच राहायचं. घरी आल्यावर तो अख्खा दिवस झोपून. दुसऱ्या दिवशी माणूस जरा उभा राहतो आणि तिसऱ्या दिवशी परत जायचं.

यावर उपाय असतात, तेही करून बघितले. मीठ अजून कमी, कारण मीठ खाल्लं की तहान लागते आणि तहान लागल्यावर माणसाला किती सांगणार, डायलिसिस करणाऱ्या द्रवाचं तापमान थोडं कमी, चार तासांऐवजी पाच तास, आठवड्यात चौथी पाळी. थोडा फरक पडला. पण डॉक्टरांनी मग आम्हाला सगळ्यांना बसवून एक गोष्ट सांगितली जी मला तोपर्यंत माहीत नव्हती, की बाबांना अजून दिवसाला सहाशे मिलीच्या आसपास लघवी होतेय आणि ती टिकवणं फार मोलाचं आहे. असं बीपी वारंवार पडलं की उरलीसुरली किडनीही लवकर बंद होते. आणि लघवी होत असलेल्या पेशंटला पाणी पिण्याची मोकळीक जास्त, पोटॅशियमचा धोका कमी, एकूण तब्येतही बरी राहते. म्हणून पीडीचा विचार करा म्हणाले.

पीडी म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस, बोलताना सगळे पोटाचं डायलिसिस म्हणतात. पोटाच्या आतून एक पातळ पडदा असतो, आतड्यांवरूनही तोच गेलेला असतो, आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. इथे गाळणी तो पडदाच. बेंबीच्या बाजूला एक मऊ सिलिकॉनची नळी कायमची बसवतात, तिला टेंकहॉफ कॅथेटर म्हणतात, १९६८ पासून थोड्याफार फरकाने तीच चाललीय. त्या नळीतून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार-सहा तास आत ठेवायचा, रक्तातली घाण पडद्यातून हळूहळू त्या द्रवात येते, मग तो काढून टाकायचा आणि नवीन भरायचा. रक्त शरीराबाहेर येतच नाही. पाणी ओढायला त्या द्रवात साखर असते, डेक्स्ट्रोज, मिठामुळे जसं पाणी सुटतं तसंच हे, साखर जितकी जास्त तितकं पाणी जास्त ओढलं जातं. म्हणून बॅगा दीड टक्का, अडीच टक्के, सव्वाचार टक्के अशा येतात आणि सूज किती, वजन किती हे बघून कुठली लावायची ते ठरवतात.

मशीनने बारा तासांत जे उरकायचं ते इथे आठवडाभर चोवीस तास संथपणे चालू राहतं. कमजोर हृदयाला हा संथपणाच मानवतो.

आता घरात काय झालं ते. भाऊ ठाम विरोधात होता. त्याचं म्हणणं, तिथे शिकलेली माणसं आहेत, काही झालं तर डॉक्टर आहेत, घरी आईच्या अंगावर रोज चार वेळा हे टाकायचं आणि इन्फेक्शन झालं तर? मला बाबांचे ते तिसऱ्या तासाचे चेहरे बघवत नव्हते म्हणून मी पीडीच्या बाजूने. आई म्हणत होती मी करेन, शिकवा मला. आणि बाबा, ज्यांच्या पोटात नळी जाणार होती, ते सगळ्यात शेवटी बोलले. आईला म्हणाले, "तू माझी नर्स व्हायचं नाहीस. मला जमतंय तोवर मी स्वतः करीन, तू फक्त बघ." हे त्यांचं म्हणणं नंतर फार उपयोगी पडलं, आणि मला वाटतं हे पेशंटच्या तोंडून आलं नसतं तर आम्ही तिघांनी आपापसातच भांडून निर्णय घेतला असता.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मात्र अगदी व्यवहारी होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय का, कारण आत चिकटलं असेल तर द्रव नीट पसरत नाही. हर्निया आहे का, कारण दोन लिटरच्या दाबाने तो वाढतो, आधी दुरुस्त करून घ्यावा लागतो. डोळ्यांना नळीचं टोक स्पष्ट दिसतं का, हात थरथरतात का. एखादी खोली अशी आहे का जिचं दार अर्धा तास बंद ठेवता येईल. बॅगा ठेवायला जागा आहे का, आणि हे विचारतात ते उगाच नाही, रोज चार बॅगा म्हणजे महिन्याला एकशेवीस, प्रत्येकी दोन लिटर, म्हणजे नुसतं पाणीच २४० किलो घरात येऊन पडतं. बाबा आजारी पडले तर दुसरं कोण करेल. या प्रश्नांना आमची उत्तरं बरी होती. एखाद्या घरात ती तशी नसतील तर तिथे हिमोच बरं, त्यात कमीपणा काही नाही.

असं म्हणतेय कारण हिमोला बाबांच्या शेजारच्या बेडवर एक काका असायचे, एकटे राहणारे, ते आधी पीडीवर होते आणि स्वतःहून हिमोवर आले होते. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "घरात रोज तेच, सुट्टी नाही. इथे येतो, चार माणसं भेटतात, सिस्टर बघतात, आणि मधले चार दिवस मी आजारी नाही." त्यांच्या हातात छान तयार झालेला फिस्टुला होता, म्हणजे हिमोच्या सुया टोचता याव्यात म्हणून धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडून केलेली जागा, हृदय ठीक होतं, बीपी पडत नव्हतं. त्यांच्यासाठी तेच बरोबर. आयुष्य कशाने जास्त मिळतं असं मीही डॉक्टरांना विचारलं होतं, तर म्हणाले एकूणात बघितलं तर जवळपास सारखंच. नेदरलँड्समधे याचा पक्का निकाल लावायला चिठ्ठ्या टाकल्यासारखं पेशंट वाटून बघायचा प्रयत्न झाला होता, पण सातशेच्या वर पेशंटनी नकार दिला आणि जेमतेम ३८ जण तयार झाले, बाकीच्यांना आपल्याला काय हवं ते आधीच माहीत होतं. मला हे फार पटलं.

ठरलं. कॅथेटर दुर्बिणीतून टाकला. टाकल्यावर साधारण दोन आठवडे जखम भरू देतात, लगेच पूर्ण दोन लिटर भरले तर बाजूने गळायची भीती असते, तेवढे दिवस मानेतल्या नळीवर हिमो चालू ठेवलं. मग ट्रेनिंग. पीडीच्या सिस्टरनी बाबांना आणि आईला दोघांनाही बसवून शिकवलं, आणि नुसतं दाखवून नाही, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेऊन. मधेच विचारायच्या, "काका, आता तुमच्या हातातून टोक निसटून चादरीला लागलं, काय कराल?" उत्तर: क्लॅम्प बंद, ते टोक पुन्हा जोडायचं नाही, फोन करायचा.

एक एक्स्चेंज कसं होतं ते लिहिते, कारण हे डोळ्यासमोर आल्याशिवाय घरी झेपेल की नाही ते कळत नाही. बॅग आधी कोरड्या उष्णतेवर अंगाइतकी कोमट करायची, गरम पाण्यात बुडवायची नाही. पंखा बंद, खिडक्या बंद, मास्क, टेबल पुसून घेतलेलं. बॅगेवरची टक्केवारी आणि एक्स्पायरी वाचायची, दाबून गळती बघायची, द्रव नितळ आहे ना ते बघायचं. हात साबणाने घासून धुवायचे आणि नीट कोरडे करायचे, ओल्या हाताने जोडायचं नाही. मग तो एकच क्षण ज्यासाठी हा सगळा खटाटोप असतो, पोटाच्या नळीची टोपी काढायची आणि बॅगेचं टोक जोडायचं, दोन्ही टोकांना कशाचाही स्पर्श न होता. त्या वेळी आमच्याकडे कोणी बोलत नाही. जोडलं की आधी पोटातलं जुनं पाणी खालच्या रिकाम्या बॅगेत काढायचं, वीसेक मिनिटं. मग नवीन बॅगेतला थोडा द्रव पोटात न जाऊ देता थेट खालच्या बॅगेत सोडायचा, म्हणजे नळीतली हवा आणि जोडताना काही जंतू आले असले तर तेही वाहून जातात. मग भरायचं, दहा मिनिटं. क्लॅम्प, सोडवायचं, आयोडीनवाली नवीन टोपी. निघालेली बॅग वजन करून वहीत लिहायची, आणि ओतण्याआधी उजेडात धरून बघायची.

वहीतला एक साधा दिवस असा. सकाळची बॅग दीड टक्क्याची, दोन लिटर आत, २१५० बाहेर. दुपारची २१००, संध्याकाळची २२००. रात्रीची अडीच टक्क्याची, ती रात्रभर आत राहते म्हणून जास्त साखरेची, ती २४०० बाहेर. आतपेक्षा बाहेर जेवढं जास्त तेवढं अंगातलं पाणी निघालं, म्हणजे १५० आणि १०० आणि २०० आणि ४००, मिळून ८५०. वर लघवीचे सहाशे. दिवसाला सुमारे १४५० मिली, आणि तेही बीपी न पडता. बाबांचं पाणी पिणं आता तहानेच्या जवळ आलं. वजन रोज सकाळी पोट रिकामं करून, एकाच वेळेला. पायाची सूज गेली, आणि डायलिसिसनंतरचा तो अख्खा झोपेचा दिवस गेला.

हिशोब एवढ्यावर थांबत नाही. दीड टक्क्याच्या दोन लिटर बॅगेत ३० ग्रॅम साखर असते, अडीच टक्क्याच्या बॅगेत ५०. म्हणजे बाबांच्या पोटात दिवसाला १४० ग्रॅम साखर जात होती आणि त्यातली अर्ध्याहून जास्त रक्तात शोषली जाते. डायबिटीस असलेल्या माणसाला हे थेट भोगावं लागतं, बाबांचं इन्शुलिन वाढवावं लागलं आणि वजनही वाढलं, पाण्याचं नाही, खरं वजन. म्हणून जास्त टक्क्याच्या बॅगा उठसूट लावायच्या नाहीत, आधी मीठ कमी करून बघायचं. नंतर रात्रीसाठी आयकोडेक्स्ट्रिनची बॅग सुचवली होती, त्यात पाणी ओढायला डेक्स्ट्रोज नसतं. पण तेव्हा सिस्टरनी निक्षून सांगितलं की ती लावली तर घरचं ग्लुकोमीटर कुठल्या पद्धतीचं आहे ते विचारून घ्या, काही स्ट्रिप्स त्या औषधामुळे साखर खोटी जास्त दाखवतात आणि मग माणूस नसलेल्या साखरेवर इन्शुलिन घेतो. डायबिटीसवाल्यांनी हे कधीच विसरू नये. आणि प्रोटीन. प्रत्येक बॅगेतून थोडं प्रोटीन वाहून जातं, दिवसाला पाच ते दहा ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे डायलिसिसच्या आधी ज्या प्रोटीनवर बंदी होती ते आता आग्रहाने खायला सांगितलं, बाबांना ते पचनी पडायलाच वेळ लागला. पोटॅशियमची पथ्यं मात्र बरीच सैल झाली.

पहिली अडचण अशी आली की एका सकाळी बॅग नीट निघेचना. दोन लिटर आत, चौदाशे बाहेर, तेही ठिबकत ठिबकत. बाबांनी कूस बदलली, उभे राहिले, तरी तेच. आम्हाला वाटलं नळी बंद पडली. सिस्टरनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "काका, पोट साफ होऊन किती दिवस झाले?" तीन दिवस झाले होते. आतडं भरलं की ते नळीवर दाबतं किंवा नळीचं टोक वर ढकलतं, एक्स-रेमधे खरंच टोक जागेवरून वर सरकलेलं दिसलं. पोट साफ व्हायचं औषध दिलं, दोन दिवसांत ड्रेन पूर्ववत, पुढच्या एक्स-रेमधे टोकही खाली आलेलं. तेव्हापासून पोट साफ होण्याची नोंद त्याच वहीत बॅगेच्या आकड्याशेजारी असते. कधी पांढरट धाग्यासारखं काही निघतं, ते फायब्रिन, त्यासाठी बॅगेत हेपरिन घालायला सांगतात, तेही फोन करून विचारल्यावरच.

दुसरी अडचण ती, जिची भाऊ भीती घालत होता. पहिलं वर्ष सरत आलं असताना संध्याकाळची बॅग उजेडात धरली तर गढूळ. ट्रेनिंगमधे शिकवलेलं, बॅगेच्या मागे छापील कागद धरायचा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. अक्षरं दिसत नव्हती. पोट किंचित दुखत होतं, ताप नव्हता. ताप यायची वाट बघायची नसते, गढूळ बॅग म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पोटातलं इन्फेक्शनच, पेरिटोनायटिस, असं धरायचं. ती गढूळ बॅग ओतून न टाकता तशीच घेऊन गेलो, तपासणीला तीच लागते. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी १८०० निघाल्या, शंभराच्या वर आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असल्या तर इन्फेक्शन धरतात. कल्चरला पाणी पाठवून अँटिबायोटिक लगेच सुरू, आणि ते नसेतून नाही तर बॅगेतच मिसळून थेट पोटात. तिसऱ्या दिवशी बॅग पुन्हा नितळ दिसायला लागली. पाच दिवसांत नितळ झाली नसती तर नळी काढून हिमोवर जावं लागलं असतं, आणि बुरशीचं इन्फेक्शन असेल तर वाट न बघताच नळी काढतात. कल्चरमधे त्वचेवरचे नेहमीचे जंतू आले, म्हणजे जोडताना कुठेतरी स्पर्श झाला असणार. कोणाचा, कधी, यात कोणी गेलं नाही. सिस्टरनी बाबा आणि आई दोघांचं ट्रेनिंग पुन्हा घेतलं, नळी बाहेर येते त्या जागेची रोजची सफाई आणि मलम लावणं पुन्हा तपासलं, औषध पूर्ण तीन आठवडे चाललं.

भाऊ त्या दिवसांत काही बोलला नाही, उलट रात्रीचं एक्स्चेंज त्याने शिकून घेतलं. हे मला सांगावंसं वाटतं कारण आई थकली होती. बाबा स्वतः करायचे तरी तयारी, वही, बॅगा उचलणं, साठा संपत आला की मागवणं हे तिच्याकडेच आलं होतं, आणि दर सहा तासांनी घड्याळ बघायचं म्हटल्यावर ती कुठे मुक्कामाला गेलीच नव्हती. पीडी निवडताना पेशंटचा विचार सगळे करतात, करणाऱ्याला सुट्टी कोण देणार हे सुरुवातीलाच ठरवून टाका. रात्री झोपेत आपोआप एक्स्चेंज करणारं सायकलर मशीनही असतं, आठ-दहा तास लावून झोपायचं आणि दिवस बराचसा मोकळा. बाबांना रात्री वारंवार उठावं लागतं आणि अलार्मने झोप मोडते म्हणून त्यांनी नको म्हटलं, नोकरी करणाऱ्या पेशंटला मात्र ते फार सोयीचं पडेल.

आता सध्याची स्थिती. लघवी कमी होत होत दिवसाला अडीचशेवर आली आहे. डायलिसिस पुरेसं होतंय का हे पीडीत आठवड्याच्या केटी बाय व्ही या आकड्याने बघतात, त्यात बॅगांचं आणि लघवीचं काम एकत्र धरतात आणि तो १.७ च्या खाली जायला नको. बाबांचा बरोबर काठावर आहे. पडद्याची तपासणीही करतात, द्रव चार तास ठेवून मधेमधे नमुने घेऊन, त्यात बाबांचा पडदा साखर झपाट्याने शोषून घेणाऱ्यातला निघाला, म्हणजे द्रव जास्त वेळ आत ठेवला की ओढलेलं पाणी पुन्हा अंगात जातं. म्हणून रात्रीची बॅग आता आयकोडेक्स्ट्रिनची केली, ग्लुकोमीटर बदलून, आणि पाणी निघणं सुधारलं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की पीडी कायमचं पुरेल असं धरू नका, काही वर्षांनी बऱ्याच जणांना हिमोवर यावं लागतं, आणि पुढच्या वेळी ते मानेतल्या नळीवर घाईघाईने सुरू करायचं नाही. बीपी पडायचं तेव्हा काय काय केलं याची नोंद फाइलमधे आहे, या वेळी सुरुवातीपासूनच जास्त तासांची पाळी आणि सावकाश पाणी काढणं असं ठरवता येईल.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "वेळ येईल तेव्हा जाईन, पण तोवर हे चालू दे." फिस्टुलासाठी हाताच्या नसांची सोनोग्राफी झालीये, डाव्या हाताची नस चांगली आहे. फिस्टुला केला की सुई टोचण्याजोगा तयार व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि कमजोर हृदयावर त्या वाढलेल्या रक्तप्रवाहाचा थोडा भार पडतो म्हणून तो फार आधीही करून ठेवायचा नाही, त्यामुळे आधी हृदयाचा इको आणि मग सर्जनची तारीख. तोपर्यंत डाव्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाइन नाही, बाबा प्रत्येक लॅबमधे स्वतःच उजवा हात पुढे करतात.